मगर, सिस्टर आणि एक गोळी

नातसुनेची ही तिसरी खेप. दवाखान्यात पेशंट मराठीत तक्रारी लिहून देतात, त्या तिच्या माहेरच्या भाषेत करायच्या, अशी नोकरी. परीक्षा तीनदाच देता येते. मराठी फडाफडा बोलते हो, चार वर्षांत माझ्याशी भांडण्याइतकी तयार झाली. तरी आधीचे दोन्ही पेपर लाल शाईत न्हाऊन परत आले, आणि दोन्हींवर एकच शेरा : ‘हे कोणी केलं?’

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी जुना पेपर घेऊन दोघी बसलो. मूळ वाक्य होतं, ‘सिस्टरने आईला गोळी दिली नाही.’

“तू काय लिहिलंस ते मला मराठीत सांग,” मी म्हटलं.

“आईला गोळी दिली गेली नाही.”

“आणि सिस्टर? ती काय चहाला गेली?”

“आजी, पुस्तकात आहे ना! कर्त्याला ‘ने’ लागला की कर्मणी. आणि कर्मणी आला की आमच्या भाषेत असंच लिहायचं, करणारा मागे ठेवून.”

“ते पुस्तक आधी माळ्यावर टाक.” माझं डोकं फिरलं. “हे बघ. मी तरुणपणी मगर पकडली होती.”

“मागच्या वेळी ती घोरपड होती.”

“वाढली असेल. ऐक मुकाट्यानं. ‘आजी मगर पकडते. आजोबा मगर पकडतात.’ क्रियापद कुणाच्या मागे धावलं?”

“पकडणाऱ्याच्या.”

“हा कर्तरी. ‘आजीने मगर पकडली. आजोबांनी मगर पकडली.’ माणूस बदलला, क्रियापद ढिम्म. आता ‘आजीने उंदीर पकडला.’”

“मगरीच्या, उंदराच्या मागे गेलं. कर्मणी.”

“‘आजीने मगरीला पकडलं. आजोबांनी उंदरांना पकडलं.’”

ती पेन्सिल चावत बसली. “कुणाच्याच मागे नाही. पकडलं ते पकडलं.”

“तो भावे. आता सांग, तिन्हींत मगर पकडली कुणी?”

“तुम्ही. म्हणजे, तुमच्या म्हणण्याप्रमाणे.”

“मग तुझ्या भाषेतही मीच पुढे हवी! क्रियापद कुणाचं ऐकतं हा आमच्या घरातला मामला. काम कुणी केलं ते त्यानं बदलत नाही गं बाई.”

मला वाटलं, सुटले. तर म्हणते, “मग ‘आजी म्हणाली’ पण ‘आजीने सांगितलं’ असं का?”

“म्हणणं, बोलणं, शिकणं, विसरणं ही लाडावलेली पोरं. भूतकाळातही कर्त्याला ‘ने’ लावू देत नाहीत. तेवढी पाठ कर आणि माझा जीव सोड.”

चाळीस वाक्यं केली. अठ्ठाविसाव्याला तिनं पुन्हा ‘डॉक्टरांकडून तपासलं गेलं’ काढलं, तेव्हा मी फटकन बोटं टेबलावर आपटली. “उद्या पेपरात ‘गेला-गेली-गेलं’ दिसलं तर घरात घेणार नाही! एकदासुद्धा नाही! समजलं?”

दुसऱ्या दिवशी परीक्षा, आणि निकाल तिथेच लगेच लागणार होता. मी सकाळपासून दारात. बाराला आली, चेहरा पाडून.

“काय गं?”

“तुमचं ऐकलं नाही मी.”

“म्हणजे केलीस माती!”

“शेवटचं वाक्य होतं, ‘आईला तीन तास बाकावर बसवून ठेवलं.’ तुम्ही म्हणालात ना, करणारा पुढे आणायचा. मी शोधत बसले. सिस्टर? डॉक्टर? वॉर्डबॉय? ‘सिस्टरने’ असं लिहिलंही. मग वाटलं, तक्रार लिहिणाऱ्या बाईने कुणाचंच नाव घेतलेलं नाही, आणि मी भलत्याच माणसावर तक्रार करतेय. खोडलं. आमच्या भाषेत ‘बसवून ठेवलं गेलं’ असंच लिहिलं. बाकी सगळीकडे सिस्टर, डॉक्टर जिथल्या तिथे.”

मला एकदम खोकला आला.

“मग?”

“तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, मागच्या दोन्ही वेळा तू लोकांना पळवून लावलंस, आज जे नव्हते त्यांना तरी ओढून आणलं नाहीस. सोमवारपासून ये.” आणि हसली, लबाड!

मी तिला मिठी मारली. म्हटलं, मगरीला पकडलं होतं तेव्हाही इतका दम लागला नव्हता. ती चहा ठेवायला आत गेली. दोन मिनिटांत आतून आवाज.

“आजी, लोणच्याची बरणी?”

“फुटली गं.”

“फुटली?” दारात उभी, कमरेवर हात. “कर्तरी. म्हणजे बरणी स्वतःच फुटली. छान. आता कर्मणी करून सांगा.”