चूडा, मिलनी, लावां

घड्याळजीने जन्मभर लोकांची वेळ लावून दिली, पण धाकट्या बहिणीने पंजाबी नवरा केला तेव्हा हट्टाला पेटून तो तिच्या लग्नालाच गेला नाही. सव्वीस वर्षांनी भाचीच्या लग्नाचं बोलावणं आलं. मागच्या रांगेत बसून जेवायचं आणि निघायचं, असा बेत करून तो चादरींचा जोड घेऊन पोचला. बहीण माफ करेल की वाटेला लावेल, एवढीच त्याला धास्ती होती.

दारातच तिने विचारलं, "दादा, काही खाल्लं नाहीस ना?"

"चहा-बिस्किटं. का?"

"आमच्याकडे चूड्याआधी मामा उपाशी असतो. असू दे, तुला कुठून माहीत असणार."

चूडा म्हणजे काय हे विचारेपर्यंत त्याला भाचीसमोर बसवलंसुद्धा. पाणी घातलेल्या दुधात लाल-पांढऱ्या बांगड्या बुडवलेल्या, आणि भाचीच्या डोळ्यांवर ओढणी धरलेली.

"बांगड्या मामानेच आणायच्या नि मामानेच घालायच्या," बहीण म्हणाली. "मी तुझ्या नावाने आणून ठेवल्यात."

आपल्याला मामा बनवताहेत की काय, असं त्याला वाटलं. पण मामा तर तो होताच. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या हातांनी त्याने एकेक बांगडी चढवली. बांगड्या चढल्यावर नवरीला दिसू नयेत म्हणून त्यांवर कापड गुंडाळलं. मग सोनेरी झुंबरं आली. तीही आपणच बांधायची असतील म्हणून त्याने उचलली, तर मुली खो खो हसल्या. "मामाजी, हे कलीरे. हे बहिणी-मैत्रिणी बांधतात."

दुसऱ्या दिवशी गुरुद्वाराच्या दारात मिलनी झाली. दोन्ही घरचे लोक समोरासमोर उभे राहिले आणि अरदास, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर एकेक नातं पुकारलं जाऊ लागलं. गोंधळून त्याने नवऱ्या मुलाच्या बापालाच हार घातला. "मामाला मामाने भेटायचं," कुणीतरी त्याला वळवलं, आणि तिकडच्या धिप्पाड मामाने त्याला मिठी मारून चक्क उचललं.

आत डोकं झाकून, अनवाणी सगळे जमिनीवर बसले. हाच आनंद कारज, म्हणजे खरं लग्न. मुलीचे वडील म्हणून मेहुण्यांनी नवऱ्या मुलाच्या खांद्यावरच्या कापडाचं टोक, पल्ला, मुलीच्या हाती दिलं. पाठ करणाऱ्या ग्रंथींनी एक लाव, म्हणजे लग्नाचं एक कडवं, वाचायची, मग तीच गायली जात असताना दोघांनी ग्रंथसाहिबांभोवती फिरायचं, मुलगा पुढे. घड्याळजी सात फेरे मोजायला बसला आणि चारवरच सगळं थांबलं.

"बाकीचे तीन?" तो कुजबुजला.

"चारच असतात, दादा."

"आणि फेऱ्यांच्या वाटेवर ती मुलं उभी होती, ती कोण?"

"तिचे चुलतभाऊ. बहिणीला धरून एकाने पुढच्याच्या हाती द्यायचं. तिला एकटं वाटू नये म्हणून."

"तुझ्या वेळी कोण होतं?"

समोरच बघत ती म्हणाली, "दीर उभे राहायला तयार होते. मीच नको म्हटलं. म्हटलं, माझा भाऊ येईल. चौथी लाव संपेपर्यंत जागा मोकळीच ठेवली होती."

अरदाससाठी सगळे उभे राहिले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, उठवेचना. बहिणीने वाकून त्याच्या दंडाला धरलं आणि त्याला आपल्या शेजारी उभं केलं.