सत्तावीस आणि तेवीस

हितेंद्रने नरडाण्याच्या कारखान्यातली सोळा वर्षांची नोकरी सोडली ती एका तक्त्याच्या भरवशावर. धुळ्यात घरी बसून त्याने शेअर बाजारातले दोनशे सौदे आधी कागदावर करून पाहिले होते. शंभरात पंचेचाळीस जिंकायचे. जिंकला की तीस हजार, हरला की वीस हजार. भांडवल चार लाख, म्हणजे एका सौद्यात पाच टक्के जोखीम. हे आकडे सूत्रात घातले, तर सगळं भांडवल बुडण्याची शक्यता शंभरात चार निघत होती.

"चारच," त्याने बायकोला, रोहिणीला सांगितलं होतं. "मोटारसायकलवर याहून जास्त धोका असतो."

पहिल्या महिन्यात वीस सौदे झाले. नऊ जिंकले, अकरा हरले, अगदी तक्त्याबरहुकूम. त्या हिशोबाने पन्नास हजार वाढायला हवे होते. खात्यात मात्र तीन लाख नव्वद हजारच दिसत होते. काही दिवस तो स्वतःची समजूत घालत राहिला, की पैसे मार्जिनमध्ये, म्हणजे ब्रोकरकडच्या अनामतीत, अडकले असतील. शेवटी एका शनिवारी सकाळी त्याने जळगावची एसटी धरली.

चुडामण नाना जळगावच्या एका ब्रोकरच्या कचेरीत ग्राहकांची जोखीम सांभाळायचे. वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. हितेंद्र त्यांच्या आतेभावाचा मुलगा.

"बठ्ठं आनेल शे ना?" त्यांनी विचारलं. हितेंद्रने सगळं आणलं होतं. त्याने वही आणि ब्रोकरकडून दर सौद्याला येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटांचा गठ्ठा पुढे ठेवला.

नाना बोटाने एकेक ओळ पाहत गेले. वहीत भाव लिहिला होता तो आलेखावरचा. नोटेत होता तो खरा मिळालेला. खरेदी दर वेळी थोडी वर झालेली, विक्री थोडी खाली. त्यावर दलाली, त्यावर कर.

"एका सौद्याला सरासरी तीन हजार जातायत," नाना म्हणाले. "तू ते धरलेच नाहीस."

"तीन हजारांनी एवढा काय फरक पडतो नाना?"

"जिंकलास की तीस नाही, सत्तावीस. हरलास की वीस नाही, तेवीस. आता नऊ गुणिले सत्तावीस कर."

"दोन त्रेचाळीस."

"अकरा तेवीस?"

हितेंद्रने वहीच्या कडेला गुणाकार केला. "दोन त्रेपन्न."

"बरोबर," नाना म्हणाले.

दर वीस सौद्यांना दहा हजार तोटा. खात्यातून गेले होते तेवढेच.

"मग बुडण्याची शक्यता किती? दहा? वीस?"

"सरासरी तोट्याची असली, की शक्यता काढायचं कामच राहत नाही," नाना हळूच म्हणाले. "खेळत राहिलास तर शंभरात शंभर. फक्त केव्हा, एवढंच उरतं."

"जोखीम निम्मी केली तर? पाचाची अडीच टक्के?"

"उशिरा बुडशील. हातात नफा उरत असेल तर छोटा डाव माणसाला वाचवतो रे. उरतच नसेल, तर नुसता वेळ वाढवतो."

हितेंद्रने शेवटचा धागा धरला. "पंचेचाळीस हे दोनशे सौद्यांवरून काढलंय. खरे अठ्ठेचाळीस असतील तर?"

"असतील. दोनशेवरून एवढं बारीक कळत नाही. तेव्हा थोडा नफा उरेल, पण ह्याच डावाने तरीही शंभरात अठ्ठावीस-तीस वेळा बुडशील. आणि खरे बेचाळीस असतील तर?" नानांनी नोटा एकावर एक नीट रचल्या. "नोकरीवर परत घेतील का?"

"माझ्या जागी माणूस आला. कंत्राटावर. निम्म्या पगारात."

नानांनी चहा सांगितला. तो दोघांनीही पुरता प्यायला नाही.

घरी पोचला तेव्हा रोहिणी कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय म्हणाले नाना?"

"गुणाकार बरोबर आहे म्हणाले," हितेंद्रने सांगितलं. ते खोटं नव्हतं.

रविवारभर तो चार ठिकाणी फोन करत राहिला. दोघांनी वय विचारलं, एकाने अर्ज पाठवून द्यायला सांगितलं, एकाने फोनच उचलला नाही. मुलीच्या वसतिगृहाची फी दहा तारखेला होती. नुसतं बसून खाल्लं तर तीन लाख नव्वद हजार किती महिने पुरतील, तेही त्याने मांडून पाहिलं. ते उत्तरही त्याला आवडलं नाही.

सोमवारी सव्वानऊला बाजार उघडला. त्याने निम्म्या जोखमीचा एक सौदा टाकला. साडेअकराला तो जिंकला.

"जिंकलात ना?" रोहिणीने आतून विचारलं. आज बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात उल्हास होता. "किती?"

"साडेतेरा हजार."

"बघा! मी म्हणतच होते."

तिने फोनवरून आईला बातमी द्यायला सुरुवातही केली. हितेंद्रने वहीत साडेतेरा लिहिले, आणि पुढच्या सौद्याचा भाव पाहू लागला.