मथळ्यातले वेडे

“झकास! ‘वेड्यांचा बाजार’ टाक. टाईप लई ठसठशीत दे!” संपादक आप्पासाहेब खुर्चीतूनच ओरडले. तालुक्यातल्या एका नगरपंचायतीनं नवाकोरा रस्ता केला आणि आठवड्यातच नळासाठी उखडला. लातूरच्या त्या छोट्या दैनिकाला पहिल्या पानाची बातमी मिळाली होती.

कॉम्प्युटरवर पानं लावणाऱ्या चांगुणाचे हात थांबले. आता काय डोंबल बोलायचं? तिला स्वतःलाच मनाचा आजार होता. दवाखान्यातून आपल्या गावी, औशाला, परत आली, तर गल्लीनं नावच पाडलं, ‘येडी’. ती दिसली की बाया पोरांना जवळ ओढायच्या. म्हणून ती लातुरात खोली करून राहिली. गोळ्या वेळेवर, काम चोख, आणि इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. या ऑफिसाशिवाय तिला दुसरं गणगोत नव्हतं.

“साहेब, दुसरं काही टाकू का?”

“का बरं?”

“रस्ता उखडणारे आजारी न्हाईत. धडधाकट माणसांनी एकमेकाला विचारलं न्हाई. त्यांचा हलगर्जीपणा आजाऱ्यांच्या नावावर कशाला?”

बातमीदार हरिओम खो खो हसला. “तुम्हाला का झोंबून राहिलं, ताई? तुम्ही काय येड्यांच्या दवाखान्यातून आल्या का?”

“हाव,” चांगुणा म्हणाली. “तिथूनच आले. गोळ्या चालू हायत अजून.”

हरिओमचं तोंड एवढंसं झालं. आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“असं कर, ‘आधी डांबर, मग नळ!’ टाक. झालं तेच सांगू. आतल्या पानावर ‘आंधळा कारभार’ हाय ना? अरे, न दिसणारा माणूस चाचपून पाऊल टाकतो, ह्यांनी चाचपलं कुठं? ‘न तपासता बिलं मंजूर’ लिही. अन् ‘बहिरं प्रशासन’ काढ. ‘तक्रारींकडे काणाडोळा’... थांब, हेबी तसलंच की! ‘तक्रारी धूळ खात’ कर.”

मथळे आधीपेक्षा सरस झाले होते. चांगुणाला गहिवरून आलं.

दुसऱ्या दिवशी जिना चढताना तिला आतून हसण्याचा गलका ऐकू आला. हरिओम मुलगी बघायला गेला होता, त्या फजितीची गोष्ट रंगात आली होती. तिनं दार ढकललं आणि सगळे गप्प झाले.

“या, चांगुणाताई.” हरिओमनं उठून खुर्ची पुढं केली.

“तब्येत बरी हाय ना?” आप्पासाहेबांनी हळूच विचारलं.

“बरी हाय की. काय चाललं होतं? मलाबी सांगा.”

“काही न्हाई. असंच.”

“अहो, मी शब्द बदला म्हणले. हसू नका म्हणले का?”

शाळेत तपासणीला साहेब आल्यावर पोरं हसतात, तसे सगळे हसले आणि आपापल्या जागेवर गेले. चांगुणानं पिशवी टेकवली आणि मशीन चालू केलं.