शून्य चुकांचे पुस्तक

माझी मावशी परिचारिका विद्यालयात शिकवते. तिच्या विद्यार्थिनींना जो परभाषेतील जाडजूड ग्रंथ नेमलेला आहे, तो त्या बिचाऱ्या केवळ उशाला घेतात, असे तिचे मत होते. म्हणून तिने स्वतः मायबोलीत एक पुस्तक सिद्ध केले. त्यात सुई कशी टोचावी, रुग्णाची कूस कशी पालटावी, इत्यादी सर्व विषय सोप्या परंतु शुद्ध भाषेत मांडले होते. मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि ह्याच पुस्तकावरून त्या तयारी करणार होत्या. छपाईचे दायित्व अर्थातच आमच्या छापखान्यावर आले.

आमचा छापखाना म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत यंत्र, तिथे मी. बाहेरच्या खोलीत संगणक, तिथे माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. ह्या माझ्या मेहुण्याचा संगणकावर जितका विश्वास आहे, तितका माझा सख्ख्या माणसांवरही नाही.

पुस्तकाचे गठ्ठे बांधून झाले, तेव्हा मी त्यास सहज विचारले, "शेवटचं वाचन कोणी केलं?"

"वाचायचं काय त्यात, दाजी? चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते. एकही रेघ नाही. शून्य चुका!"

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी तिला पाठविलेली प्रत घेऊन आली. तिने पायरीवरूनच पुस्तक उघडून मोठ्याने वाचावयास आरंभ केला.

"दंडाला पट्टा आवळावा. शिर फुगल्यावर सुई टोचावी." तिने मान वर केली. "काय रे, कोणाचं डोकं फुगवू?"

मला काहीच उमगले नाही. कानाला तर ते वाक्य निर्दोष वाटले. तिने पुस्तक माझ्या नाकासमोर धरले, तेव्हा मात्र माझ्या पायांखालची जमीन सरकली. हातातील रक्तवाहिनी जी शीर, तिला दुसरी वेलांटी. धडावरील मस्तक जे शिर, त्यास पहिली. मावशीने दोन्ही शब्द आपापल्या जागी यथायोग्य लिहिले होते. छापील पुस्तकात मात्र दुसऱ्या वेलांटीची शीर कोठेच उरली नव्हती. पानोपानी डोकीच डोकी!

"हे कोणी केलं?" मी बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ओरडलो.

मेहुणा शांतपणे आला. "मीच. मावशी, तुम्ही एकीकडे 'शिरेत', 'शिरेला' असं पहिली वेलांटी देऊन लिहिलेलं आणि दुसरीकडे 'शीर' दुसरी. एकाच शब्दाला दोन तऱ्हा! मग मी एका फटक्यात सगळे 'शीर' बदलून 'शिर' करून टाकले."

"अरे शहाण्या, प्रत्यय लागला की ती वेलांटी पहिली होते. नुसता शब्द असला की दुसरी."

"ते संगणकाला कळायला नको?"

"तुला कळायला नको?" मावशी म्हणाली.

"पण तो सांगतो ना चुका! 'पद्धतशीर'चं 'पद्धतशिर' झालं होतं, 'कायदेशीर'चं 'कायदेशिर'. लगेच लाल रेघा आल्या. त्या सगळ्या मी एकेक करून दुरुस्त केल्या. तास गेला माझा!"

ह्या उत्तराने माझा उरलासुरला संयम सुटला. पद्धतशिर असा शब्दच अस्तित्वात नसल्याने यंत्राने तो पकडला. शिर हा शब्द मात्र अस्तित्वात आहे, तो अगदी शुद्ध आहे, फक्त तो तेथे नको होता. यंत्र शब्द ओळखते, परंतु वाक्य काय म्हणते हे त्याच्या गावीही नसते. आणि ज्याच्या गावी असायला हवे, तो मनुष्य लाल रेघांची वाट पाहत बसला होता!

"मग उलटं करतो," तो म्हणाला. "सगळे 'शिर' परत 'शीर'."

"म्हणजे खरी डोकी होती, त्यांच्या नसा होतील," मी म्हणालो. "एकदा दोन्हींची सरमिसळ केल्यावर कोणता कोण हे तुझा संगणक सांगेल का?"

"जुनी प्रत असेल ना?"

"कुठे आहे?"

मेहुणा डोके खाजवू लागला. त्याने त्याच प्रतीवर बदल करून तीच जपून ठेवली होती.

परीक्षेपूर्वी सगळे पुन्हा छापणे शक्य नव्हते, म्हणून मी मावशीला सुचविले की एक शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत घालू. ती भडकली. "हातात सुई धरलेली मुलगी शुद्धिपत्र शोधत बसणार? माझी पोरं परीक्षेत नापास झाली तर चालेल एक वेळ. चुकीचं शिकून पास झाली, तर पुढच्या रुग्णांचं काय?" एवढे बोलून तिने हातातले पुस्तक मिटले. मग म्हणाली, "गठ्ठे विद्यालयात पाठव. आणि ह्यालाही पाठव. पेन घेऊन."

त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तिच्या वर्गात हजर झालो. प्रत्येक मुलीपुढे एक प्रत होती. मावशीने फर्मान काढले की पहिल्या पानापासून वाचत जायचे आणि प्रत्येक शिरापाशी थांबून ठरवायचे की हे डोके की रक्तवाहिनी. रक्तवाहिनी असेल तर पहिली वेलांटी खोडून दुसरी द्यायची.

प्रारंभी वर्गात खसखस पिकली. मग हळूहळू माना पुस्तकांवर झुकल्या. 'शिर दाबून धरावी' येथे क्रियापदच सांगत होते. 'शिर उशीवर टेकवावे' हेही उघड होते. परंतु 'शिर तपासणे' ह्या मथळ्यापाशी सगळ्यांचीच गाडी अडली.

"मावशी, हे कुठलं?" मेहुण्याने विचारले.

"खाली काय लिहिलंय?"

"खाली वाचायचं?"

"नाही, वर आढ्याकडे बघ!"

मुली तोंड दाबून हसल्या. मेहुणा निमूटपणे खाली वाचू लागला. मी त्यास इतक्या एकाग्रतेने वाचताना प्रथमच पाहत होतो.

मावशी बाकांमधून फिरत प्रती तपासत होती. खिडकीजवळच्या एका उंच मुलीची प्रत तिने उचलली आणि पाने भराभर उलटली. त्या मुलीने एकही शब्द न सोडता सर्वत्र दुसरी वेलांटी दिली होती. एवढेच नव्हे, तर 'रुग्णाचे शिर किंचित उंच ठेवावे' येथेही.

"हा एक होता, त्यात ही दुसरी आली!" मावशीने कपाळावर हात मारला. "अगं बाई, वाचलंस तरी का?"

"लवकर व्हावं म्हणून केलं, मॅडम."

"लवकर! चल ये इकडे. तुला सुईला हातच लावू देणार नाही मी." असे म्हणून तिने मेहुण्याला खुर्चीवर बसविले, त्याची बाही वर सारली आणि त्या मुलीच्या हातात पट्टा दिला. "दाखव, कुठे टोचशील."

मुलीने पट्टा आवळला. दोन बोटांनी कोपराच्या खळग्यात हलकेच थोपटले, किंचित बाजूला सरकली आणि नेमक्या जागी बोट ठेवून थांबली. मावशीने वाकून पाहिले. वर्गातील सर्व मुली उभ्या राहून पाहू लागल्या. जागा अचूक होती.

माझ्या मनात आले, आता मावशी निवळेल. परंतु ती अधिकच वैतागली.

"बोटाला कळतंय आणि डोळ्याला कळत नाही! उद्या दुसऱ्याने लिहिलेला कागद वाचून औषध द्यायचंय तुला. तेव्हा बोट कामाला येणार नाही." तिने कपाटातून कोरी प्रत काढून तिच्या पुढ्यात आपटली. "पहिल्या पानापासून. प्रत्येक वाक्य. मी इथेच बसलेय."

मुलगी मान खाली घालून वाचू लागली. मावशी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली आणि तिचे ओठ हलतात की नाही, ते पाहू लागली.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला, "पट्टा सोडायला सांगा ना. हात काळानिळा पडला."