खालून कापलेले स्तंभ

पत्रविभागाच्या बाईंनी वाचकाचं पत्र संपादकांपुढे आपटलं. "अठ्ठेचाळीस टक्के मतांचा स्तंभ शेहेचाळीसच्या तिप्पट उंच कसा, असं विचारतायत. आपला आलेख शून्याऐवजी पंचेचाळीसपासून सुरू होतोय."

"ऐनवेळी खाली जाहिरात आली, म्हणून पान लावणाऱ्याने आलेख खालून कापला," संपादक पुटपुटले. "पत्र आत कुठेतरी टाका."

"निसटता विजय पहिल्या पानावर दणदणीत करायचा आणि चूक आत लपवायची?" बाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी साहेबांनी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच पानावर, त्याच जागी, पूर्ण उंचीचे दोन स्तंभ जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे होते, शेजारी ते पत्र. पान टेबलावर पसरून बाई मनापासून हसल्या. या खेपेला जाहिरात कापली होती.