मागाहून शहाणी झालेली रेघ

चौकशी सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती आणि रुग्णालयाचा आकडेवाला तिसऱ्यांदा चष्मा पुसत होता. तीन वर्षं तो एकटाच तातडीच्या विभागाचे आकडे सांभाळत होता. अंगात इतका शीण मुरला होता, की खुर्चीला आग लागली असती तरी तो आधी जांभई देऊन मग उठला असता.

भिंतीवरच्या पडद्यावर त्याचाच आलेख होता. काळी रेघ रोज आलेल्या रुग्णांची, निळी अंदाजाची.

"मागच्या सोमवारी एक्क्याण्णव रुग्ण आले," अधीक्षक म्हणाले. "अंदाज पंच्याहत्तरचा दिसतोय. आणि ताई, तुम्ही चारच नर्स लावल्या? लोक चार-चार तास ताटकळले."

"शुक्रवारी ड्यूटी लावली तेव्हा इथे अठ्ठावन्न होते," मेट्रनताई म्हणाल्या. बावीस वर्षांची नोकरी, आणि विभाग हातून जाण्याची वेळ.

"मग पडदा काय खोटं बोलतो?" अधीक्षकांनी विचारलं.

आकडेवाल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. पडदा खोटं बोलत नव्हता, पण खरंही सांगत नव्हता. रोज सकाळी तो गेल्या चार आठवड्यांच्या आकड्यांतून नवी सरळ रेघ काढायचा आणि जुनी पुसून टाकायचा. सोमवारपासून आठवडाभर तापाची साथ होती. ते मोठे आकडे हिशेबात आले, रेघ वर कलली, आणि होऊन गेलेल्या सोमवारीही वर चढून बसली. गंमत म्हणजे, ती काळ्या रेघेच्या जवळ राहते म्हणून तीन वर्षं सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती.

गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"साहेब, एक मिनिट." त्याने ड्यूटी लावली त्या शुक्रवारच्या पहाटेनंतरचे आकडे वगळले आणि रेघ पुन्हा काढली. सोमवारवर अठ्ठावन्न उमटले. "ताईंनी हेच पाहिलं होतं. पंच्याहत्तरचा अंदाज साथीनंतर आला. चूक माझी आहे."

अधीक्षकांनी ताईंच्या नावाचा कागद मिटला आणि कोऱ्या कागदावर त्याचं नाव लिहिलं.

आठवडाभरात त्याने आलेख बदलला. नवी निळी रेघ आता फक्त आजच्या पुढे, तीही तुटक. मागे प्रत्येक दिवसावर आधीच्या शुक्रवारी दिलेला अंदाज, निळा ठिपका, एकदा ठेवला की न हलणारा. जुने ठिपके त्याने तसेच, त्या-त्या शुक्रवारपर्यंतचेच आकडे घेऊन काढले. त्या सोमवारी काळी रेघ एक्क्याण्णववर होती आणि ठिपका खाली अठ्ठावन्नवर.

"आता तुमची चूक साऱ्या विभागाला दिसणार," ताई म्हणाल्या.

"दिसू दे. अजून दोन आठवडे राहील, मग सरकेल पडद्याबाहेर."

ताईंनी पुढच्या सोमवारचा आकडा पाहिला, मग मागच्या ठिपक्यापासून काळ्या रेघेपर्यंतची फट बोटांनी मापली, आणि यादीत दोन नर्स जास्तीच्या लिहिल्या.