पंचावन्न हजार वर्षांचा पास

त्या कार्यालयात तिला सगळे भिंगबाई म्हणत. कोणीही कोड बदलला की तो तिने तपासायचा, आणि तिने होकार दिल्याशिवाय तो पुढे सोडायचा नाही, असा नियम होता. नियम साहेबांनीच केला होता. त्याचा सर्वांत जास्त त्रासही त्यांनाच होत असे.

आजचा बदल ॲपच्या लॉगिनचा होता. ॲपवर चाळीस हजार रुग्ण आपापले तपासणी अहवाल पाहत. "सारखं बाहेर काढतं" अशी त्यांची तक्रार होती. झटपट या टोपणनावाच्या मुलाने लॉगिनचा भाग नव्याने लिहिला, दोन आठवडे कर्मचाऱ्यांवर चाचणी झाली आणि एकही तक्रार आली नाही. साहेबांनी झटपटला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्रेचाळीस फायली बदलल्या होत्या. आधीच्या दोघा तपासनिसांनी पहिल्या चार पाहून 'ठीक आहे' म्हणून अंगठा उंचावला होता आणि ते चहाला गेले होते.

भिंगबाई एकोणचाळिसाव्या फायलीवर थांबली.

"झटपट, इकडे ये बाळा. लॉगिन केलं की सर्व्हर माणसाला काय देतो?"

"टोकन. एक दिवसाचा पास असतो ना, तसं. फक्त आपला पंधरा मिनिटांचा. संपला की फोन गुपचूप नवा मागून घेतो."

"आणि पास कधी संपतो हे कुठे लिहितोस?"

"पासवरच. १९७० पासून आत्तापर्यंत गेलेला वेळ, अधिक पंधरा मिनिटं."

"तो वेळ कशात मोजलास?"

"मिलिसेकंदांत."

"आणि सर्व्हर तो कशात वाचतो?"

झटपटने स्क्रीनवर ती ओळ शोधली. "...सेकंदांत."

"म्हणजे आकडा हजारपट मोठा. कर बरं हिशेब, पास कधी संपेल?"

त्याने केला. पुन्हा केला. "पंचावन्न हजार वर्षांहून जास्त," तो पुटपुटला. "पण मॅडम, टेस्ट पास झाली होती!"

"तुझी टेस्ट विचारते, संपायची वेळ आत्ताच्या पुढे आहे का? आहे की! भरपूर पुढे आहे."

तेवढ्यात साहेब आले. चार वाजता ॲप सगळ्यांसाठी सोडायचं होतं, आणि वरच्यांना तसं कळवून झालं होतं.

"भिंगबाई, अजून होकार नाही? दोन आठवड्यांत एक तक्रार नाही, आणखी काय हवं?"

"तक्रार येणार कशी? कोणी बाहेर पडतच नाही," ती म्हणाली. "पासवर्ड बदलला तरी जुना पास चालू राहतो. पूर्वी तो पंधरा मिनिटांत मरायचा आणि नवा मिळायचा नाही. आता मरतच नाही."

"अहो, पुस्तकी भीती आहे ही. कोण कशाला दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावेल? मी स्वतः चाचणीत होतो. जुना फोन मागच्या आठवड्यात मेहुण्याला दिला, पासवर्ड बदलला, विषय संपला."

"ॲपमधून लॉगआउट केलं होतं?"

"पासवर्ड बदलला म्हणतोय ना!"

"मग मेहुण्यांना एक फोन करा, साहेब. ॲप उघडलं तर काय दिसतं, एवढंच विचारा. लॉगिनची पाटी दिसली तर मी या क्षणी होकार देते."

साहेबांनी खुशीत फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. भिंगबाई म्हणाली, "स्पीकर नको." पण त्यांना साक्षीदार हवे होते.

"हां, उघडलं भावोजी," पलीकडून आवाज आला. "लॉगिनबिगिन काही नाही. तुमचं नाव आहे, खाली रक्ताचा अहवाल... अरे बापरे! जेवणानंतरची साखर तीनशे दहा? ताईला तर तुम्ही एकदम नॉर्मल म्हणून सांगितलंत! काल माझ्यासमोर तीन वाट्या खीर ओरपलीत! थांबा, ताई इथेच आहे, तिला देतो..."

साहेबांनी फोन असा कापला की बोट दुखलं असावं. खोलीत कोणी हसलं नाही. दोघे-तिघे मात्र अचानक टेबलाखाली काहीतरी शोधू लागले.

"बंद करा!" साहेब ओरडले. "आधी माझा पास बंद करा!"

"एकट्याचा करता येत नाही," भिंगबाई शांतपणे म्हणाली. "दिलेल्या पासांची यादी आपण ठेवतच नाही. सर्व्हर फक्त पासवरची सही आणि तारीख बघतो. सही करायची गुप्त किल्ली बदलायची, म्हणजे जुने पास खोटे ठरतील, आणि सगळी सेशनं, म्हणजे चालू लॉगिनं, रद्द करायची. चाचणीतला प्रत्येक जण बाहेर पडेल."

"पडू दे! आणि चार वाजताचं रद्द!"

"वरच्यांना काय कळवायचं?"

"कळवा, की... रुग्णांच्या सुरक्षिततेबाबत आम्ही अतिशय जागरूक आहोत."

झटपटने हजारने भागायची ओळ घातली. शिवाय नवी टेस्ट लिहिली: पंधराव्या मिनिटापर्यंत पास चालावा, सोळाव्याला चालू नये. भिंगबाईने ती त्याच्याकडून दोनदा चालवून घेतली. मग किल्ली बदलली, सगळी सेशनं रद्द केली.

पाच मिनिटांत पहिली तक्रार आली: "ॲपने विनाकारण बाहेर काढलं. पुन्हा लॉगिन करावं लागलं. हा काय मूर्खपणा?"

खाली साहेबांचं नाव होतं.